पोत्याची रुंदी

माझ्या भावाने तुमसरच्या एका राइस मिलमध्ये वीस वर्षं पोती वाहिली. मी त्याच गावात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आमच्या घरात दोन पगार यायचे, एक पाठीचा आणि एक तोंडाचा, असं तो म्हणायचा. माझ्या तोंडाचा त्याला फार अभिमान होता. टोळीतल्या हमालांपुढे तो मला 'आमची बीएस्सी' म्हणायचा. मला राग यायचा. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

टोळीत एक रीत होती. क्विंटलभर तांदळाचं पोतं जमिनीवर आडवं पडलेलं असायचं. दोघं जण दोन टोकांना उभे राहायचे, वाकून पोत्याचे कान धरायचे आणि एका झटक्यात ते वर घ्यायचे. तिसरा पाठ करून उभा असायचा. पोतं त्याच्या पाठीवर चढलं की तो चालू लागायचा, ट्रकपर्यंत नाहीतर थप्पीपर्यंत. वाहणारा तो मर्द आणि उचलणारे दोघं म्हणजे त्याची तयारी करून देणारे. चाळिशी उलटली, दम लागायला लागला, की टोळी त्या माणसाला वाहण्यातून काढून उचलण्यावर ठेवायची. ती दया होती. हलकं काम. एका जागी उभं राहायचं, चालायचं नाही.

भाऊ बेचाळीसचा झाला तेव्हा टोळीने त्याच्यावरही ती दया केली. घरी येऊन तो म्हणाला, "आता आराम हाय बाई. दिवसभर एका जाग्यावर." वहिनीने त्या दिवशी गोड केलं. त्याच्या दोन मुली ताटाशी बसून खिदळत होत्या. मीही खाल्लं. मला तरी काय कळत होतं.

कळलं ते वर्गात. नववीच्या मुलींना तरफ शिकवत होते. टेकू, भार आणि बल. पुस्तकात तीच ती कात्री, तोच अडकित्ता आणि तोच चिमटा. एका मुलीने विचारलं, "बाई, माणसाच्या अंगात तरफ असते का?" मी कोपराचं चित्र काढून दाखवलं. मग उत्साहाच्या भरात कमरेचं काढायला गेले. वाकलेला माणूस काढला, हातात ओझं दिलं, कमरेच्या शेवटच्या मणक्यावर टेकूची खूण केली. ओझं टेकूपासून वीस इंच पुढे. आणि त्याला मागून ओढून धरणारे पाठीचे स्नायू टेकूपासून किती लांब? जेमतेम दोन इंच. म्हणजे ओझ्याच्या दहापट ओढ. आकडा फळ्यावर लिहिला आणि माझा हातच थांबला. मुलींना वाटलं, बाई पुढचं विसरल्या.

मधल्या सुट्टीत मी तेच गणित भावासाठी केलं. पोतं क्विंटलचं, उचलणारे दोघं, प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास किलो. दहापट म्हणजे पाचशे. शिवाय वाकलेल्या माणसाचं स्वतःचं धड, डोकं, हात. ते पस्तीस किलो धरले आणि त्यांचं वजन टेकूपासून बाराएक इंचांवर धरलं, तर सहापट, म्हणजे आणखी दोनशे दहा. सात क्विंटल. प्रत्येक वेळी भाऊ वाकायचा तेव्हा त्याच्या कमरेचे स्नायू सात पोत्यांइतकी ओढ लावायचे आणि तो सगळा दाब त्या एका मणक्यावर यायचा. आणि वाहणारा? पोतं पाठीवर, अंग जरासं पुढे झुकलेलं, पोत्याचं वजन जवळजवळ टेकूच्या सरळ वर. पुढे लांब हातच नाही, म्हणून मागे ओढ लागत नाही. त्याच्या मणक्यावर पोतं आणि त्याचं धड मिळून दीड क्विंटल, फार तर दोन. मर्दाचं काम दोन क्विंटलचं आणि म्हाताऱ्याचं हलकं काम सात क्विंटलचं. सगळी टोळी उलटं समजून बसली होती आणि मी त्या उलट्या समजुतीचं गोड खाल्लं होतं.

त्या संध्याकाळी मी लाकडाची एक पट्टी घेतली. एका टोकापासून दोन इंचांवर भोक पाडून ती खिळ्यावर अडकवली. तो खिळा म्हणजे कमरेचा मणका. मागच्या दोन इंचांच्या टोकाला भंगारवाल्याकडून आणलेला स्प्रिंगचा काटा बांधला आणि तो खाली ओढून पट्टी आडवी धरली. पुढे काहीच टांगलं नव्हतं तरी काटा किलोभर दाखवत होता. ते पट्टीचं स्वतःचं वजन, म्हणजे आपलं धड. नुसता खराटा उचलायला वाकलं तरी कंबरेला तेवढी ओढ लावावीच लागते. मग वीस इंचांवर अर्ध्या किलोचं माप टांगलं. काटा सहावर गेला. माप सरकवत आठ इंचांवर आणलं. काटा तीनवर आला.

भाऊ उकिडवा बसून पाहत होता. त्याने स्वतःच्या हाताने माप पुढे सरकवलं, मागे सरकवलं आणि काट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे मले आराम नाई देला त्यायनं."

"नाही दिला," मी म्हटलं.

"त्यायले तरी कुठं मालूम हाय." एवढं म्हणून तो उठला. टोळीवर त्याने राग धरला नाही. त्याचा स्वभावच तसा होता आणि त्या स्वभावाचा मला आयुष्यभर वैताग आला.

मिलचा मॅनेजर माझा कॉलेजातला वर्गमित्र. भंडाऱ्याला आम्ही पुढच्या-मागच्या बाकांवर बसून बीएस्सी केलं होतं. त्याच्या भौतिकीच्या जर्नलमधले सगळे प्रयोग माझ्या जर्नलमधून उतरवलेले. माझ्या चुकासुद्धा त्याने इमानदारीने उतरवल्या होत्या, म्हणून आम्ही दोघंही पकडले गेलो होतो. असा ओळखीचा माणूस. मी पट्टी, काटा आणि माप पिशवीत घालून त्याच्या ऑफिसात गेले.

त्याने सगळं नीट पाहिलं. प्रश्न विचारले. चहा मागवला. मी म्हटलं, "जमिनीवरून उचलणंच बंद करा. गोदामात कमरेएवढा ओटा बांधा. पोतं ओट्यावरच भरलं की माणसाला वाकावं लागत नाही. ते पोटाशी ओढून घेता येतं आणि सात क्विंटलची ओढ तीन क्विंटलच्या आत येते." तो मान डोलवत राहिला. मग हसला.

"मॅडम, ओट्याला सिमेंट लागतं. सिमेंटला परमिट लागतं. परमिटसाठी भंडाऱ्याला चकरा माराव्या लागतात. तुमच्याच प्रयोगात दुसरा उपाय आहे ना. माप जवळ आणलं की काटा उतरतो. मग माणसांना गुडघे वाकवून बसायला सांगू, ओझं अंगाशी धरायला सांगू. गुडघ्याला काही परमिट लागत नाही."

मीही हसले. उत्तर चांगलं होतं. पुस्तकातही तसंच लिहिलेलं असतं की कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा, ओझं जवळ धरा. मी म्हटलं, ओटा होईपर्यंत एवढं तरी करू. तो म्हणाला, "तुम्हीच येऊन शिकवा. माझं कोण ऐकतंय? तुमच्या भावामुळे टोळीत तुमचा शब्द आहे." माझा शब्द आहे, हे ऐकून माझी छाती फुगली. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

एका शनिवारी दुपारी गोदामात सगळे हमाल जमले. मी पट्टी दाखवली, काटा दाखवला. मग उचलून दाखवायची वेळ आली. मॅनेजर पुढे झाला, "मॅडमला क्विंटलचं पोतं नको रे, काही लहान आणा." कोणीतरी दहा किलो तांदळाचं गाठोडं आणलं. मी पदर खोचला, गुडघे वाकवून बसले, गाठोडं दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेऊन पोटाशी धरलं आणि सरळ पाठीने उठले. हमालांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक जण म्हणाला, "बाई, हे तं गाठोडं हाय. पोतं गुडघ्याच्या मंदात कसं येईन?" सगळे हसले. मला ते हसणं लागलं. शाळेत मागच्या बाकावरून असा आवाज आला की मी जे करते तेच केलं. "प्रयत्न न करता कसं येईल? सवय करा," असं फटकारलं. त्या माणसाने मला बरोबर प्रश्न विचारला होता आणि मी त्याला गप्प केलं.

शेवटी मॅनेजरने एक कागद पुढे केला. 'मी या मिलमधील हमालांना पोते उचलण्याची सुरक्षित पद्धत समजावून दिली आहे.' खाली माझी सही आणि त्याखाली हमालांचे अंगठे. "मालकांना दाखवायला," तो म्हणाला, "म्हणजे पुढे ओट्याचं बोलता येईल." मी सही केली. आठवडाभरात गोदामाच्या भिंतीवर ऑइल पेंटने नियम लिहिला गेला: पोते उचलताना कंबर वाकवू नये, गुडघे वाकवावेत, हुकमावरून. ओटा काही झाला नाही. मी दोनदा विचारलं. दोनदा मला परमिटचं सांगितलं गेलं.

टोळीतल्या कोणी ती पद्धत पाळली नाही. एक-दोन दिवस गंमत म्हणून बसून पाहिलं आणि सोडून दिलं. पाळली ती एकट्या माझ्या भावाने. पोरं त्याला चिडवायची, "पाह्य बे, बहिनीचा शाळकरी." तो हसायचा आणि गुडघे वाकवायचा. घरी येऊन मांड्या चोळत बसायचा. मी विचारायची, "कमरेला बरं वाटतं का?" तो म्हणायचा, "वाटंन. सवय होऊन राहिली."

धानाचा हंगाम जोरात होता तेव्हाची गोष्ट. सकाळपासून ट्रक लागलेले. दुपारी भाऊ नेहमीसारखा गुडघे वाकवून बसला, पोत्याचे कान धरले आणि उठता उठता कमरेत कट्कन आवाज झाला. पोतं खाली आणि तो त्यावर पालथा. खाटेवर घालून त्याला घरी आणलं. डाव्या पायात मुंग्या, मग पाय बधिर. डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यामधली गादी सरकली. आता ओझं उचलणं कायमचं बंद. त्रेचाळीसचा माणूस, दोन मुली आणि हातात फक्त पाठ होती ती गेली. वहिनी त्याच्या डाव्या पायाला चिमटा काढून विचारायची, "समजते का?" आणि तो तिच्या तोंडाकडे पाहून "हव, समजते" म्हणायचा.

कामावर झालेली इजा, म्हणून भरपाईचा दावा केला. दावा जिंकला तर रक्कम मिळणार होती आणि त्यातून गावातच एक बसून चालवायचं किराणा दुकान थाटायचं, असं वहिनीने ठरवलं होतं. जागाही पाहून ठेवली होती. दुसरा काही रस्ता नव्हता. माझा पगार सगळ्यांना पुरायचा नाही हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

मिलचं लेखी उत्तर आलं. आमच्या वकिलांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाई, हे तुम्हीच वाचा." त्यात लिहिलं होतं की सुरक्षिततेचा नियम स्पष्ट लावलेला होता, शिक्षिकेकडून प्रशिक्षण दिलं होतं, कामगाराचा अंगठा आहे आणि त्याने जाणूनबुजून नियम मोडून कंबर वाकवली. जाणूनबुजून नियम मोडला तर भरपाई नाही, असा कायदा. सोबत माझ्या सहीचा कागद जोडलेला होता.

मी तशीच मिलमध्ये गेले. मॅनेजर उठून उभा राहिला, खुर्ची दिली, म्हणाला, "मॅडम, हे माझं काम आहे हो, मनाला लावून घेऊ नका." मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे तो बसूनच उचलत होता." तो म्हणाला, "मी तिथे नव्हतो." मी विचारलं, "मालकांशी ओट्याचं बोललात का कधी?" त्याने टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग म्हणाला, "मॅडम, तुमचाच नियम आहे. तुमच्या गणिताप्रमाणे तो बसला असता तर इजा झालीच नसती. हो की नाही?"

मी खुर्ची मागे सारून उठले. मी घरी आले आणि रागारागात भाताच्या कोंड्याने एक रिकामं बारदान ठासून भरलं, खऱ्या पोत्याएवढं. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. शेजारणीला टेप धरायला लावलं. आधी सरळ पायांनी वाकून पोत्याचे कान धरले. कमरेच्या मणक्यापासून हातांपर्यंतचं आडवं अंतर वीस इंच. मग शिकवलं होतं तशी गुडघे वाकवून बसले. गुडघे पुढे आले. पोतं दोन फूट रुंद, ते गुडघ्यांच्या मध्ये येईना. ते गुडघ्यांच्या पुढेच राहिलं आणि हात आणखी पुढे गेले. बावीस इंच. पुन्हा मोजलं, बावीसच. धड जरा सरळ झालं, तेवढी धडाची ओढ कमी झाली. पोत्याची तेवढीच वाढली. बेरीज केली तर पुन्हा सातच्या आसपास. शिवाय पायांवर ताण आणि टाचा उचललेल्या.

तरफेचं गणित बरोबर होतं. मी पोत्याची रुंदी मोजली नव्हती. पट्टीवर माप लटकतं, त्याला रुंदी नसते. गाठोडं गुडघ्यांत बसलं म्हणून पोतंही बसेल असं मी धरून चालले. त्या मागच्या माणसाने विचारलं होतं तेच. म्हणजे भावाने माझं ऐकलं आणि माझं ऐकून त्याला काहीही मिळालं नाही. वाचवणार होता तो ओटा. तो मी गुडघ्यांच्या बदल्यात सोडून दिला होता.

हे मी वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम. नियमच निरुपयोगी होता असं तुम्ही भंडाऱ्याच्या कोर्टात साहेबांपुढे सिद्ध करा. आणि भाऊ सांगेल की मी नियम पाळला." मी हो म्हटलं. घरी आल्यावर भाऊ खाटेवर पडून होता. मी त्याला एवढंच म्हटलं, "तू फक्त खरं खरं सांग. बसून उचललं म्हण." तो म्हणाला, "हव." माझा नियम चुकला होता हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. 'आमची बीएस्सी' म्हणणाऱ्या माणसापुढे मला लाज वाटली. कोर्टात बोलेन तेव्हा कळेलच त्याला, असं मनाशी ठरवून मी वह्या तपासायला बसले.

चार दिवसांनी सुनावणीसाठी भंडाऱ्याला एसटीने गेलो. भावाच्या कमरेला पट्टा, एका बाजूला मी, एका बाजूला वहिनी. मी बारदान गुंडाळून, ओळंबा आणि पट्टी पिशवीत घेऊन. व्हरांड्यात मॅनेजर भेटला. भावाजवळ येऊन बसला, तब्येत विचारली. मी वकिलांशी बोलत होते. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील.

साहेब वयस्क होते, चष्मा नाकावर. आधी भावासोबत उचलणाऱ्या जोडीदाराला विचारलं. तो म्हणाला, "माझे डोळे पोत्यावर होते, याच्या गुडघ्यायवर नव्हते." त्यालाही मिलमध्येच राहायचं होतं. मग भावाला बोलावलं. मिलच्या वकिलाने विचारलं, "तुमच्या बहिणीने शिकवलं ते तुम्हाला समजलं होतं?"

"हव."

"त्या दिवशी तुम्ही कसं उचललं?"

भाऊ माझ्याकडे पाहत नव्हता. समोरच्या टेबलाकडे पाहत होता. "मी वाकलो असंन साहेब," तो म्हणाला. "घाईत होतो. गुडघे वाकवाचे राहून गेले असतीन."

मी उठून उभी राहिले. आमच्या वकिलांनी मला हाताने खाली बसवलं. साहेबांनी भावाला पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा. तो म्हणाला, "वाकलोच असंन. नाईतर कायले कंबर गेली असती?"

माझी पाळी आली तेव्हा मी सगळं केलं. कोंडा तर आणता आला नव्हता, म्हणून शिपायाकडून जुन्या फायली मागून बारदानात भरल्या. पदर खोचून त्या कोर्टात बसले. ओळंबा धरला. शिपायाने टेप लावला आणि मोठ्याने वाचलं, बावीस. मी सांगितलं की माझा नियम पोत्याला लागूच पडत नाही, माझं चुकलं, या माणसाने तो पाळला आणि तरीही त्याला इजा झाली. मिलच्या वकिलाने शांतपणे माझ्या सहीचा कागद पुढे केला. "त्या दिवशी खोटी सही केली होती की आज भावासाठी खोटं बोलता?" मी म्हटलं, "त्या दिवशी मी मूर्ख होते." व्हरांड्यात कोणीतरी हसलं. मॅनेजर हसला नाही. तो बोटातली अंगठी फिरवत खाली पाहत होता, आणि मला वाटलं, हसला असता तर बरं झालं असतं.

साहेब मला वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमचं मोजमाप मी लिहून घेतलं. पण कामगार स्वतःच सांगतोय की मी नियम मोडला. त्याच्या तोंडापुढे तुमचा टेप कसा चालेल?" दावा फेटाळला गेला. कागदावर यायला आठवडे लागले, पण त्या दिवशी व्हरांड्यातच सगळ्यांना कळलं होतं. वहिनीने भावाचा पट्टा घट्ट केला आणि पुढे चालू लागली.

एसटी स्टँडवर मी भावाला गाठलं. वहिनी पाणी आणायला गेली होती. मी एवढी संतापले होते की माझा आवाज फाटला. "काहून खोटं बोललास तू? त्याने काय सांगितलं तुले? धमकी देली का?"

"धमकी कायची? चांगला बोलला बिचारा." भाऊ बाकावर एका कुशीवर टेकला होता. "म्हने, तुमची बहीन बीएस्सी हाय. आमी तिचेच नोट्स उतरवून पास झालो. तिचं गणित चुकंन का? मी म्हटलं, नाई. मंग म्हने, ती सांगते तसे तुमी बसले असते, तं झालं असतं का हे? मी इचार केला. खरंच तं हाय. मले वाटे का मी बसलो होतो. पन तुहं चुकत नाई ना कधी. मंग मीच वाकलो असंन."

मला वाटलं होतं, त्याला भीती घातली असेल, पैशाने फिरवला असेल. मॅनेजरला त्यातलं काहीच करावं लागलं नव्हतं. माझ्या भावाचा माझ्यावर केवढा विश्वास आहे ते त्याला माहीत होतं आणि त्याने तेवढंच वापरलं. आणि ते वापरायला जागा मी ठेवली होती, चार दिवस तोंड मिटून. त्या माणसाचा मला राग येतो, आजही येतो. पण भावाचाही आला. स्वतःच्या कमरेने सांगितलेलं त्याने खोटं ठरवलं, माझ्यासाठी. असा विश्वास मी कधी मागितला होता त्याला?

मी त्याच्यापुढे खाली बसले आणि सगळं सांगितलं. वीस इंच, बावीस इंच, गाठोडं, पोत्याची रुंदी. म्हटलं, तू बसलाच होतास. तू बरोबर केलंस. मी चुकले. मी शिकवलं तेच चुकीचं होतं. कोर्टात मी हेच सांगितलं, तू ऐकलंस ना?

"ऐकलं," तो म्हणाला. "माह्यासाठी खोटं बोलली तू. समजते मले."

"खोटं नाही रे. खरं आहे ते."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "राहू दे बाई."

त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. कोंड्याचं पोतं त्याच्यासमोर मोजून दाखवलं, पट्टी मांडून दाखवली, एकदा भांडलेसुद्धा. तो मन लावून पाहायचा, मान डोलवायचा. आणि कोणी विचारलं की कंबर कशी गेली, तर सांगायचा, "बहिनीनं शिकवलं होतं चांगलं. मीच वाकलो."